एलडी बॉडी कुठे शोधायची: वाळूमाशीच्या पोटापासून मिरजेतल्या स्लाइडपर्यंत

डिसेंबरातली गोष्ट. कुपवाडच्या एमआयडीसीत फाउंड्रीत काम करणारा एक सव्वीस वर्षांचा मुलगा त्याच्या मुकादमासोबत आमच्या मिरजेतल्या लॅबमध्ये आला. मूळचा बिहारच्या सारण जिल्ह्यातला. सात आठवड्यांपासून ताप येत-जात होता, पण जेवण बऱ्यापैकी जात होतं आणि उठून कामावरही जात होता. आधी एका ठिकाणी विडाल पॉझिटिव्ह म्हणून टायफॉइडचा पूर्ण कोर्स झाला होता. मलेरियाची स्लाइड दोनदा निगेटिव्ह. हिमोग्लोबिन ६.८, पांढऱ्या पेशी २,१००, प्लेटलेट ६२,०००. एकूण प्रोटीन ८.९ आणि त्यात अल्ब्युमिन फक्त २.६, म्हणजे उरलेलं सगळं ग्लोब्युलिन. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं होतं: पाणथरी बरगडीखाली ८ सेंटीमीटर, बोन मॅरो करून एलडी बॉडी बघा.

आमच्या टेक्निशियनने विचारलं, "मॅडम, एलडी बॉडी म्हणजे काय ओ? पुस्तकात वाचलंय, बघितली नाही कधी." सांगली-साताऱ्यात शिकलेल्या बहुतेक टेक्निशियनची हीच स्थिती आहे आणि त्यात त्यांचा दोष नाही. एलडी बॉडी म्हणजे काळ्या आजाराचा परजीवी, आणि हा आजार बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल आणि उत्तर प्रदेशच्या पूर्व भागातला. पण तिकडची माणसं आपल्याकडे फाउंड्रीत, वीटभट्टीवर, बांधकामावर, कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला आहेत आणि सुट्टीला गावी जाऊन येतात. हा मुलगा जूनमध्ये बहिणीच्या लग्नाला गेला होता, ताप सुरू झाला ऑक्टोबरअखेर. मधले चार महिने का लागले, हे कळलं की स्लाइडवर कुठे बघायचं हेही कळतं. म्हणून आधी माशी, मग माणूस आणि मग सूक्ष्मदर्शक, या क्रमाने जाऊ.

माशीच्या पोटात आठवडाभर

वाळूमाशी म्हटलं की आपल्याला चांदीपुरा आठवतो. नागपूरजवळच्या त्या गावाच्या नावाचा विषाणू १९६५ साली सापडला आणि तोही वाळूमाशीच वाहून नेते. काळ्या आजाराची माशी म्हणजे फ्लेबोटोमस अर्जेंटिपेस. लांबी दोन-तीन मिलिमीटर, डासापेक्षा बरीच लहान, अंगावर बारीक केस, बसताना पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर उभे. ती सरळ लांब उडत नाही, टुणटुण उड्या मारत जाते. मातीच्या भिंतीच्या भेगा, गोठ्याचा ओलसर कोपरा, शेणामातीची दमट जमीन ही तिची जागा. चावते फक्त मादी, कारण अंडी घालण्यासाठी तिला रक्त लागतं.

डास सोंड रक्तवाहिनीत खुपसतो. वाळूमाशीची सोंड आखूड असते. ती कातडी खरवडून एक बारीकशी जखम करते, तिथे रक्ताचं थेंबभर तळं साचतं आणि ती ते पिते. आजारी माणसाला चावताना रक्तातल्या आणि कातडीतल्या पेशींमध्ये दडलेले परजीवी तिच्या पोटात जातात. हे परजीवी त्या वेळी गोल, शेपूट नसलेले असतात. यांनाच अमॅस्टिगोट म्हणतात आणि लॅबच्या भाषेत एलडी बॉडी. एल म्हणजे लेशमन, डी म्हणजे डोनोव्हन. लेशमनने डमडमला आजारी पडलेल्या एका सैनिकाच्या पाणथरीत ते पाहिले, डोनोव्हनने मद्रासमध्ये पाहिले, दोघांनी १९०३ मध्ये लिहिलं आणि रॉसने त्याला लेशमानिया डोनोव्हनी हे नाव दिलं.

माणसाच्या ३७ अंशांतून माशीच्या थंड पोटात आल्यावर आणि भोवतालचं आम्ल कमी झाल्यावर अमॅस्टिगोट रूप बदलतात. एक-दोन दिवसांत लांबट होतात, पुढच्या टोकाला चाबकासारखी शेपटी फुटते. हा प्रोमॅस्टिगोट. पहिले काही दिवस रक्ताच्या गोळ्याभोवती माशीचं पोट एक पातळ पिशवी तयार करतं आणि परजीवी त्या पिशवीतच वाढतात. पिशवी फुटल्यावर खरी कसोटी असते. रक्त पचून उरलेला चोथा बाहेर पडतो, त्यासोबत तेही वाहून जायला हवेत. वाचतात ते पोटाच्या आतल्या भिंतीला चिकटून राहणारे. अंगावरच्या साखरेच्या एका लेपामुळे त्यांना ही पकड मिळते.

मग ते हळूहळू पुढे, तोंडाच्या दिशेने सरकतात, वाढतात आणि एक चिकट जेल सोडतात. साधारण आठवड्याभरात घशाजवळच्या झडपेपाशी ही जेल आणि परजीवी मिळून बूच तयार होतं. त्यात शेवटचं रूप तयार होतं, बारीक, लांब शेपटीचं, अतिशय चपळ आणि आता विभाजन न करणारं मेटासायक्लिक रूप. माणसाला लागण करू शकतं ते हेच. झडप तुंबलेली असल्याने माशीला नीट रक्त ओढता येत नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा सोंड खुपसते आणि प्रत्येक वेळी आतली जेल परजीवींसह जखमेत ओकते. चाव्याने आजार पसरतो हे १९४२ मध्ये स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी स्वयंसेवकांवर माशा सोडून सिद्ध केलं.

स्लाइड बघणाऱ्याने यातलं एकच घट्ट लक्षात ठेवायचं: शेपटीवालं रूप माशीत असतं. माणसाच्या ऊतीच्या स्मिअरमध्ये लांब शेपटी शोधत बसलात तर काही मिळणार नाही. तिथे दिसतं ते गोल रूप.

माणसात ते कुठे लपतात

जखमेत पडलेल्या प्रोमॅस्टिगोटवर आधी न्यूट्रोफिल धावून येतात, मग मॅक्रोफेज. मॅक्रोफेज म्हणजे जंतू गिळून पचवणारी पेशी. लेशमानिया मात्र तिच्या पोटात, जिथे आम्ल आणि पाचक रस असतात त्या पिशवीतच, संसार मांडतो. दोन-पाच दिवसांत शेपटी आत ओढून घेतो, गोल होतो आणि दुभंगून वाढत राहतो. पेशी भरून फुटली की बाहेर पडलेले अमॅस्टिगोट शेजारच्या मॅक्रोफेजमध्ये शिरतात.

मॅक्रोफेज ज्या अवयवांत दाटीने असतात तिथेच ही वाढ सगळ्यात जास्त होते: पाणथरी, यकृत, अस्थिमज्जा, लिम्फ गाठी. पाणथरी फुगते, मज्जा दबते, रक्तातल्या तिन्ही पेशी उतरतात आणि शरीर निरुपयोगी अँटिबॉडी ढिगाने बनवत राहतं, म्हणून ग्लोब्युलिन वाढतं. आमच्या मुलाच्या रिपोर्टमधला प्रत्येक आकडा इथून आला होता. हे सगळं सावकाश होतं, चावल्यापासून आजार उघड होईपर्यंत बहुधा दोन ते सहा महिने जातात. जून ते ऑक्टोबरचे चार महिने त्यात चपखल बसतात. म्हणून ताप येण्याच्या आदल्या आठवड्यात कुठे होतास, एवढं विचारून भागत नाही. गेल्या वर्षभरात गावी कधी गेला होतास, घर मातीचं आहे का, शेजारी गुरं आहेत का, घरात किंवा आळीत कुणाला हा आजार झालाय का, हे विचारावं लागतं. मुकादमाला बाजूला बसवून मी मुलाला हिंदीत हेच विचारलं, तेव्हा त्याच्या चुलत्याला "कालाजार" झाला होता हे पहिल्यांदा कळलं. आधीच्या कुठल्याही कागदावर ते नव्हतं.

कोणता नमुना

पाणथरीतून सुईने घेतलेला नमुना सगळ्यात जास्त सापडवून देतो, आजार असलेल्या शंभरांत ९३ ते ९९ जणांमध्ये. अस्थिमज्जेत हे प्रमाण ५३ ते ८६, लिम्फ गाठीत आणखी कमी. मग सगळ्यांची पाणथरीच का नाही? कारण सुई फिरली तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो आणि तो जीवघेणा असतो. प्लेटलेट ४०,००० च्या खाली, प्रोथ्रॉम्बिन टाइम कंट्रोलपेक्षा पाच सेकंदांहून जास्त, पाणथरी नीट हाताला न लागणारी, रुग्ण गरोदर, किंवा रक्त देण्याची आणि शस्त्रक्रियेची सोय जवळ नाही, यांतलं एकही असलं तर ती करायची नाही. आणि ती करणारा हात रोजचा सराव असलेला हवा. आपल्याकडे वर्षाकाठी एखादाच असा रुग्ण येतो, म्हणून माझं ठाम मत आहे की सांगली-साताऱ्यात बोन मॅरोच करावी. थोडी चुकण्याची शक्यता पत्करून जास्त वेळ बघावं. आम्हीही तेच केलं.

रक्तातल्या अँटिबॉडीची आरके-३९ स्ट्रिप उपयोगी आहे आणि ती आधी करायला हरकत नाही. पण ती बरं झाल्यावरही वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहू शकते आणि एचआयव्ही असलेल्या रुग्णात खोटी निगेटिव्ह येऊ शकते. या मुलाने पूर्वी उपचार घेतलेत का याची खात्री नव्हती, म्हणून परजीवी डोळ्यांनी दिसणं महत्त्वाचं होतं.

स्लाइड करताना

मज्जा डॉक्टर काढतात, पण स्लाइड रुग्णाच्या खाटेशीच, सुई निघाल्याबरोबर करायची. पहिल्या ओढीला पाव ते अर्धा मिलिलिटरच घ्यायला सांगा. जास्त ओढलं की शिरेतलं रक्त मिसळतं आणि मज्जेचे दाणे त्यात हरवतात. सिरिंजमधला नमुना काचेवर टाकून काच तिरकी धरा. रक्त खाली ओघळतं आणि मज्जेचे कण वर राहतात, भिजवलेल्या साबुदाण्याच्या चुऱ्यासारखे, पांढुरके. तेच कण उचलायचे.

दोन प्रकारच्या स्लाइड करा. एक नेहमीची, दुसऱ्या काचेने ओढलेली. दुसरी दाबून केलेली: एका काचेवर दोन-तीन कण ठेवायचे, वर दुसरी काच आडवी ठेवायची, हलकासा दाब द्यायचा आणि दोन्ही काचा एकमेकींपासून सरळ ओढून घ्यायच्या. मॅक्रोफेज कणांच्या जाळीत अडकलेले असतात आणि दाबल्यावर ते बाहेर येतात. फार जोर दिला तर पेशी चुरगळून केंद्रकाचे धागे पसरतात. हात बसायला चार-पाच नमुने लागतात, तो सराव ॲनिमियाच्या साध्या मॅरोवर करून घ्यावा.

स्मिअर लगेच वाळली पाहिजे. जुलै-ऑगस्टमध्ये पाटण, महाबळेश्वर, शिराळ्याच्या बाजूला हवेत इतका ओलावा असतो की स्लाइड दोन मिनिटं ओलीच राहते, पेशी आक्रसतात आणि केंद्रकाचे तुकडे होतात. तिथे हाताने किंवा छोट्या पंख्याने वारा घाला, गरम हवा नको. पावसाळ्यातला दुसरा त्रास मिथेनॉलचा. उघडी बाटली हवेतलं पाणी ओढून घेते. मग तांबड्या पेशींवर चकचकीत, फोड आल्यासारखी वर्तुळं दिसतात आणि नवशिक्याला ती परजीवी वाटतात. फोकसचा स्क्रू बारीक फिरवून पाहा. फोड चमकतो आणि विझतो, परजीवीचा रंग टिकून राहतो. मिथेनॉल छोट्या बाटल्यांत, झाकण घट्ट लावून ठेवलं की हा प्रश्न सुटतो.

रंगवताना

पूर्ण वाळलेली स्मिअर मिथेनॉलमध्ये दोन-तीन मिनिटं बुडवा, पुन्हा वाळवा. जिम्साचा एक भाग आणि बफरचे नऊ भाग ताजे मिसळा आणि त्यात २० ते ३० मिनिटं ठेवा. बफरचा पीएच ७.२ हवा. रक्ताच्या रोजच्या स्मिअरला आपण ६.८ वापरतो, त्यात पांढऱ्या पेशी छान दिसतात, पण परजीवीचं केंद्रक फिकं पडतं. मिश्रण सकाळी करून संध्याकाळी वापरायचं नाही, त्यात रंगाचा गाळ बसतो. ओतण्याआधी वरची तेलकट साय फिल्टर पेपरने काढा. धुताना रंग ओतून टाकून मग पाणी घालू नका, काचेवर पाणी सोडून रंग वाहून जाऊ द्या, म्हणजे साय स्मिअरवर बसत नाही.

पाण्याबद्दल सांगितलंच पाहिजे. मिरजेच्या पूर्वेला आणि जतच्या बाजूला बऱ्याच ठिकाणी बोअरचं क्षाराचं पाणी असतं. त्याने धुतलेली स्लाइड निळी-गर्द होते, केंद्रकाचा जांभळा-तांबडा रंग निळ्यात बुडतो. आमच्याकडे याच कारणाने एका जुन्या बॅचच्या स्लाइड वाया गेल्या होत्या. बफरची गोळी डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवा, धुणंही त्याच बफरने करा. रंग बरोबर लागलाय की नाही हे परजीवी न शोधताही कळतं: लिम्फोसाइटचं केंद्रक स्वच्छ जांभळं, त्याभोवतीचा काठ आकाशी, तांबड्या पेशी करड्या-गुलाबी. तांबड्या पेशी हिरवट-निळ्या दिसत असतील तर ती स्लाइड वाचू नका, दुसरी रंगवा.

नजर कुठे टाकायची

इथे माझी चूक सांगते. त्या दिवशी आधी मी ओढलेली स्लाइड घेतली, मधला पातळ, सुंदर पसरलेला भाग निवडला आणि तेल लावून शंभरेक फील्ड बघितली. काही नाही. रिपोर्टचा मसुदा "परजीवी दिसले नाहीत" असा टेबलावर आलाही होता. सवय रक्ताच्या स्मिअरची, आणि तिथे चांगला भाग म्हणजे पातळ भाग. पण परजीवी मॅक्रोफेजमध्ये असतो आणि मॅक्रोफेज मोठी, जड पेशी आहे. ती स्मिअरच्या शेपटीला, कडांना आणि मज्जेच्या कणांच्या ओढीत ओढली जाते. पातळ मधल्या भागात शंभर फील्ड बघणं म्हणजे माणसं नसलेल्या गल्लीत माणूस शोधणं.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी १० च्या लेन्सने पूर्ण स्लाइड फिरा आणि कण कुठे आहेत, त्यांची ओढ कुठल्या दिशेला गेली आहे, ते काचेच्या मागे मार्करने खुणावून ठेवा. मग ४० च्या लेन्सने त्या खुणांच्या कडेला मॅक्रोफेज शोधा: मोठी पेशी, फेसाळ फिकट निळं शरीर, केंद्रक एका बाजूला, पोटात कधी तांबड्या पेशी किंवा कचरा. त्यानंतरच तेल आणि १०० ची लेन्स. पेशी फुटलेल्या असतात तिथे परजीवी मोकळे विखुरलेलेही दिसतात, म्हणून मॅक्रोफेजच्या भोवतालची जागाही नजरेखालून घाला.

मी दाबून केलेली स्लाइड घेतली. तिसऱ्या कणाच्या कडेला एका मॅक्रोफेजच्या फिकट शरीरात दोन ठिपके जोडीने दिसले. एक गोल, थोडा मोठा. शेजारी एक बारीक, गडद, काडीसारखा, पहिल्याकडे काटकोनात उभा. दोघांभोवती निळसर शरीर आणि त्याला स्पष्ट कड. टेक्निशियनला बोलावलं. तो बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "मॅडम, दोन ठिपके आहेत की! एक गोल, एक काडी."

दोन ठिपक्यांचा नियम

तो जे म्हणाला तेच निदान. मोठा ठिपका केंद्रक, काडी म्हणजे कायनेटोप्लास्ट. कायनेटोप्लास्ट हा परजीवीच्या एकुलत्या एक मायटोकॉन्ड्रियामधला डीएनएचा घट्ट गुंडाळा आहे आणि माशीत शेपटी फुटते ती याच्याजवळूनच. तो केंद्रकापेक्षा लहान पण जास्त गडद रंगतो. संपूर्ण अमॅस्टिगोट २ ते ४ मायक्रॉनचा, म्हणजे शेजारच्या तांबड्या पेशीच्या साधारण निम्मा किंवा त्याहून लहान. मोजपट्टी नसेल तर तांबडी पेशीच मोजपट्टी समजा.

केंद्रक, कायनेटोप्लास्ट आणि कड असलेलं शरीर, हे तिन्ही एकाच गोळ्यात दिसले तरच त्याला अमॅस्टिगोट म्हणायचं. परजीवी कुठल्याही बाजूने पडतो, त्यामुळे काडी कधी टोकावरून ठिपक्यासारखी दिसते, कधी केंद्रकाखाली लपते. म्हणून एका शंकास्पद गोळ्यावर रिपोर्ट देऊ नका. स्लाइडवर पुढे चला. खरा असेल तर काडी स्पष्ट दिसणारा दुसरा, तिसरा नक्की मिळतो.

फसवणाऱ्यांत पहिला मान प्लेटलेटचा. प्लेटलेट मॅक्रोफेजवर किंवा तांबड्या पेशीवर चढून बसते, आकारही जवळपास तोच. पण तिच्यात जांभळे कण भुरभुरलेले असतात, एक गोल आणि एक काडी अशी जोडी नसते. रंगाचा गाळ पेशींच्या वरच्या पातळीत असतो आणि पेशी फोकसमध्ये असताना तो धूसर होतो. मेलेल्या पेशीच्या केंद्रकाचे तुकडे गडद, एकजीव आणि निरनिराळ्या आकारांचे असतात.

खरं अवघड प्रकरण हिस्टोप्लाझ्माचं. ही बुरशीही २ ते ४ मायक्रॉनची, तीही मॅक्रोफेजमध्ये ढिगाने, रुग्णालाही ताप, मोठी पाणथरी आणि उतरलेल्या पेशी. विशेषतः एचआयव्ही असलेल्या रुग्णात ती आधी मनात आणावी. तिच्या प्रत्येक गोळ्याभोवती पांढरी, रिकामी कडा दिसते, आतला रंग एका बाजूला चंद्रकोरीसारखा साचलेला असतो आणि कायनेटोप्लास्ट नसतो. तरीही शंका उरली तर दुसरी स्लाइड पीएएस किंवा सिल्व्हर स्टेनला द्या. बुरशीची भिंत रंगते, लेशमानिया रंगत नाही. दोन्हींची औषधयोजना एकसारखी नाही, त्यामुळे इथे अंदाज चालत नाही.

मोजणी आणि रिपोर्ट

एक परजीवी दिसला म्हणून थांबू नका, मोजा. १० च्या आयपीसने आणि १०० च्या लेन्सने दिसणारं एक वर्तुळ म्हणजे एक फील्ड. ठरलेली श्रेणी अशी आहे: एका फील्डमध्ये शंभरहून जास्त असतील तर सहा प्लस, दहा ते शंभर असतील तर पाच, एक ते दहा असतील तर चार. दहा फील्ड मिळून एक ते दहा असतील तर तीन प्लस, शंभर फील्ड मिळून तेवढेच तर दोन, हजार फील्ड मिळून तेवढेच तर एक. हजारात एकही नाही तर शून्य. ही श्रेणी मुळात पाणथरीच्या नमुन्यासाठी ठरवलेली, पण मज्जेलाही तीच वापरतात, फक्त रिपोर्टमध्ये नमुना कोणता हे स्पष्ट लिहावं.

आमच्या स्लाइडवर शंभर फील्डमध्ये सात अमॅस्टिगोट मोजले. पाच मॅक्रोफेजमध्ये, दोन मोकळे. शंभर फील्डमध्ये एक ते दहाच्या आत, म्हणून दोन प्लस. आता हिशोब पाहा: सरासरी चौदा-पंधरा फील्डमध्ये एक परजीवी, तोही सारखा पसरलेला नाही, कणांच्या कडेला गोळा झालेला. वीस-तीस फील्ड बघून उठणारा माणूस अशी स्लाइड सहज निगेटिव्ह देईल. आणि एक प्लसच्या रुग्णात तर शंभर फील्ड बघूनही हाती काही न लागणं स्वाभाविक आहे. हजार फील्डना मला पाऊण ते एक तास लागतो, मध्ये पाच मिनिटं डोळ्यांना विश्रांती देऊन.

रिपोर्ट लिहिताना "परजीवी नाहीत" असं कधीही लिहू नका. लिहा: "अस्थिमज्जा, जिम्सा, हजार तेल-फील्ड तपासली, अमॅस्टिगोट दिसले नाहीत." स्लाइडवर कण होते की नव्हते हेही लिहा. मज्जेतून चुकणाऱ्यांचं प्रमाण वर दिलंच आहे, त्यामुळे लक्षणं जुळत असतील तर शून्य आल्यावरही आजार नाकारता येत नाही. पुन्हा मज्जा घेणं किंवा मोठ्या केंद्रात पीसीआर हा पुढचा रस्ता. उपचार पूर्वीच सुरू झाले असतील तर परजीवी कमी होत जातात, म्हणून नमुना औषधाच्या पहिल्या डोसाआधी घ्यायला हवा.

नमुना हाताळताना हातमोजे घाला आणि सुईला टोपण परत लावू नका. या परजीवीची लागण सुई टोचूनही होते, माशी लागत नाही.

आम्ही डॉक्टरांना फोनवर कळवलं आणि त्यांच्यामार्फत जिल्हा हिवताप अधिकाऱ्यांकडे माहिती गेली. भारतात या आजाराचा साठा माणसातच असतो, गुरांत किंवा कुत्र्यांत नाही, म्हणून एकेक रुग्णाची नोंद व्हावी लागते. मुलाला लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन बी चा वजनाच्या किलोमागे १० मिलिग्रॅमचा एकच डोस मोठ्या रुग्णालयात दिला. आठवड्याच्या आत ताप उतरला. पाणथरी मात्र हळूहळूच आत जाते, तिला महिने लागतात, म्हणून ती अजून हाताला लागते एवढ्यावरून उपचार फसला असं धरायचं नाही.

आरके-३९ पुन्हा करून काही कळणार नव्हतं, ती पॉझिटिव्हच राहणार. त्याऐवजी वजन, हिमोग्लोबिन आणि पाणथरीचं माप बघत राहिलो. आजार उलटला तर बहुधा पहिल्या सहा महिन्यांत उलटतो, कधी वर्षाच्या आतबाहेर. काही जणांना बरं झाल्यावर महिन्यांनी किंवा वर्षांनी चेहऱ्यावर फिकट डाग आणि गाठी येतात. त्यात ताप नसतो, पण तिथल्या कातडीत परजीवी असतात आणि अशा डागांवर चावलेली माशी तो पुढे नेऊ शकते. कातडीला बारीक चीर देऊन, रक्त न येऊ देता खरवडून घेतलेला रस त्याच जिम्साने रंगवून बघता येतो, मात्र फिकट डागांत परजीवी फारच कमी मिळतात, गाठींत जास्त. म्हणून मुलाला सांगून ठेवलं की चेहऱ्यावर असं काही उठलं तर कुष्ठरोग समजून घाबरू नकोस आणि शिबं समजून सोडूनही देऊ नकोस, सरळ दाखवायला ये.

त्याची ती दाबून केलेली स्लाइड आम्ही कव्हर स्लिप लावून ठेवली आहे. पहिल्या परजीवीच्या जागेला काचेमागे हिऱ्याच्या पेन्सिलीने गोल केलाय. नवा टेक्निशियन आला की त्याला आधी वर्तुळ न दाखवता ती स्लाइड देते आणि विचारते, मॅक्रोफेज कुठे आहेत ते आधी दाखव.